लांबच्या नात्यातल्या लग्नाला येता येणार नसेल, तर मेल कशी लिहावी

आपल्याकडे लग्नाचं बोलावणं पूर्वी अक्षत घेऊन घरी यायचं. आता नागपूरच्या घरांतली मुलं पुण्या-बंगळुरात, काही अमेरिकेत, आणि नातेवाईक नाशिक, इंदूर, रायपूर असे विखुरलेले. त्यामुळे पत्रिकेची पीडीएफ मेलवर येते आणि खाली दोन ओळी असतात, ‘सहकुटुंब अगत्यानं यावं.’ सख्ख्या नात्यात ‘नाही’ म्हणायची वेळ आली तर माणूस फोन उचलतो, रडतो, भांडतो, मोकळा होतो. लांबच्या नात्यात तेवढी सवय नसते. सहा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी तेरवीला भेटलेल्या काकाजींना नकार देताना एकही शब्द वाकडा गेला, तर तो सुधारायची संधी पुढच्या लग्नापर्यंत मिळत नाही. म्हणून ही मेल नीट लिहायची.

पुढे एकच उदाहरण घेऊन सगळं सांगते. समजा, समीर नागपुरात त्रिमूर्तीनगरला आईवडील आणि बायको नेहा यांच्यासोबत राहतो. त्याच्या बाबांचे मावसभाऊ नाशिकला आहेत. त्यांच्या मुलीचं, स्नेहलचं, मे महिन्यात लग्न आहे. मेल पाठवली आहे स्नेहलच्या धाकट्या भावानं, आदित्यनं. समीरच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं आहे आणि घरातून कुणालाच जाता येणार नाही. नावं फक्त समजण्यापुरती आहेत.

लिहिण्याआधी घरात बोलून घ्या

पहिली गोष्ट, हे बोलावणं नेमकं कुणाचं आणि कुणाला आहे ते पाहा. मेल आदित्यनं पाठवली असली तरी बोलावणारे काकाजी आहेत. पत्रिकेवर निमंत्रक म्हणून त्यांचंच नाव असतं. आणि मेल समीरच्या पत्त्यावर आली असली तरी बोलावणं समीरच्या बाबांना आहे, कारण नातं त्यांचं. आदित्यकडे बाबांचा मेल पत्ता नव्हता, एवढंच. हे लक्षात न घेता समीरनं आदित्यला ‘सॉरी रे, जमणार नाही, एन्जॉय!’ असं उत्तर पाठवलं, तर आदित्यला काही वाटणार नाही. पण संध्याकाळी काकाजी विचारतील, ‘नागपूरवाल्यांचं काय आलं?’ आणि आदित्य ती ओळ मोबाइलवर तशीच दाखवेल. राग इथे धरला जातो. आपली मेल शेवटी घरातला सगळ्यांत मोठा माणूस वाचणार, किंवा त्याला ती मोठ्यानं वाचून दाखवली जाणार, असं धरूनच लिहा.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे लग्नाला घर जातं, माणूस नव्हे. घरातून एक जण जरी गेला तरी सगळ्यांची हजेरी लागते. म्हणून ‘मला जमणार नाही’ ठरवण्याआधी आई, बाबा, भाऊ, वहिनी, सगळ्यांना विचारा. भाऊ जाणार असेल, तर तुमची मेल नकाराची राहतच नाही. ‘आमच्या घरून दादा येतो आहे’ एवढं लिहिलं की काम झालं. उलट तुम्ही मेलवर ‘कुणीच येत नाही’ कळवलं आणि बाबांनी त्याच दिवशी फोनवर ‘बघतो, मी तरी येतो’ म्हटलं, की दोन्ही घरांत गोंधळ होतो आणि तुमचं कारण खोटं वाटू लागतं. घरातलं उत्तर एकच असलं पाहिजे.

तिसरी गोष्ट, त्यांनी मेलशिवाय फोनही केला होता का? किंवा कुणी घरी येऊन अक्षत देऊन गेलं होतं का? तसं असेल तर नुसती मेल पुरत नाही. ज्यानं तोंडानं बोलावलं त्याला आधी तोंडानं सांगायचं, मग मेल पाठवायची. मेल तेवढ्यासाठी, की यादी करणाऱ्या पोराकडे लेखी राहतं.

किती लवकर कळवायचं

घरात ठरलं की दोन-तीन दिवसांत. यजमानांना केटररला ताटांचा आकडा लग्नाच्या काही दिवस आधी द्यावा लागतो, बाहेरगावच्या पाहुण्यांच्या खोल्या तर त्याच्याही आधी ठरतात. नागपूरहून चार माणसं येणार म्हणजे एक खोली, दोन वेळचं जेवण, स्टेशनवर गाडी. लवकर आलेला नकार त्यांच्या कामाचा असतो आणि त्यामुळे तो कमी बोचतो.

सगळ्यांत वाईट उत्तर म्हणजे ‘बघतो, जमलं तर नक्की येऊ.’ आपल्याला ते सौम्य वाटतं. पण काकू ते ऐकून चार नावं यादीत ठेवतात, खोली धरून ठेवतात, आणि आदल्या दिवशी ‘नाही जमलं’ कळल्यावर जे वाईट वाटतं ते तीन आठवड्यांपूर्वीच्या स्पष्ट नकारापेक्षा कितीतरी जास्त असतं. जाणं खरोखरच अनिश्चित असेल, तर तारीख सांगा: ‘येत्या रविवारपर्यंत नक्की कळवतो.’ आणि रविवारी कळवाच.

कारण: कोणतं, किती आणि कोणतं नाही

बहुतेक मेल इथेच बिघडतात, म्हणून थोडं थांबून सांगते.

यजमानांना सोडवता येईल असं कारण देऊ नका. ‘तिकीट मिळत नाही’ हे कारण खरं असतं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं आणि मे महिन्यातल्या गाड्या भराभर भरतात. पण ते लिहिलं की काकाजींचा फोन येतो, ‘अरे, तत्काळमध्ये काढतो ना मी, किंवा ट्रॅव्हल्सनं या.’ आता तुमच्याकडे दुसरं कारण हवं. ते दिलं की पहिलं खोटं होतं निष्कारण. ‘फार लांब पडतं’ हेही नागपूरकरांना आता वापरता येत नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये पूर्ण खुला झाला आणि तेव्हापासून नाशिक-मुंबईकडचा प्रत्येक नातेवाईक ‘समृद्धीनं निघा, संध्याकाळपर्यंत पोचाल’ असंच म्हणतो. ‘उन्हाळा फार आहे’ हे तर विदर्भातल्या माणसानं नाशिकच्या लग्नाबद्दल लिहूच नये.

आईचं ऑपरेशन हे असं कारण आहे, की त्यावर यजमानांकडे उपाय नाही आणि त्यात त्यांचा कमीपणाही नाही. तरी इथे दोन काळज्या घ्या. शुभकार्याच्या उत्तरात दुखण्याची कहाणी लांबवायची नाही. टाके, रक्तदाब, दवाखान्याचं बिल हे सगळं बाहेर ठेवायचं. काय झालं, आता ठीक आहे, पण घरी थांबावं लागतं, एवढ्या तीन गोष्टी पुरे. ‘आता ठीक आहे’ हे विसरू नका. नाहीतर लग्नघरातली माणसं काळजीत पडतात किंवा ऐन गडबडीत भेटायला यायचं म्हणतात. आणि दुसरं, पुढचा प्रश्न आधीच ओळखा. ‘मग एकानं तरी या’ हे येणारच. म्हणून कारणातच सांगून टाका, की बाबांना एकट्याला झेपत नाही आणि समीर-नेहा आळीपाळीनं सुट्या घेऊन घरी थांबतात. मग आग्रहाला जागा राहत नाही.

त्याच दिवशी दुसरं लग्न असेल तर? मुहूर्त थोडे असतात, त्यामुळे एका तारखेला दोन-तीन पत्रिका येणं नागपुरात नेहमीचं आहे. ‘त्या दिवशी दुसऱ्या लग्नाला जायचं आहे’ असं नुसतं लिहिलं, की ‘म्हणजे ते आमच्यापेक्षा जवळचे’ असा अर्थ निघतो. त्याऐवजी तुमचं तिथलं काम लिहा: ‘त्याच दिवशी माझ्या सख्ख्या भाचीचं लग्न आहे, मामा म्हणून मला तिला बोहल्यावर आणायचं आहे.’ हे वाचून कुणीही राग धरत नाही, कारण मामाची जागा दुसऱ्याला घेता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरं लग्न मित्राचं असेल आणि तुमचं तिथे काही काम नसेल, तर ‘त्या लग्नाचा शब्द आधी दिलेला आहे’ एवढंच म्हणा.

आणि सांगण्यासारखं कारणच नसेल तर? खर्च परवडत नाही, दोघांचं पटत नाही, किंवा एवढ्या लांबच्या नात्यात जायची इच्छा नाही. अशा वेळी कारण रचू नका. नागपूर मोठं झालं तरी धरमपेठेतलं बोलणं महालात संध्याकाळपर्यंत पोचतंच, आणि ‘तापानं अंथरुणावर आहे’ म्हणणाऱ्याचा ताडोबातला फोटो त्याच दिवशी कुणाच्या तरी स्टेटसवर दिसतो. कारणाची फक्त जात सांगा: ‘त्या आठवड्यात घरच्या काही जबाबदाऱ्यांमुळे नागपूर सोडता येणार नाही.’ हे खरं असतं आणि पुरेसंही. ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ मात्र नको. ती नोटीस बोर्डाची भाषा आहे, काकूंना परकी वाटते.

एक अपवाद. नकाराचं कारण सुतक असेल आणि लग्नघर तुमच्याच कुळातलं, भाऊबंदांतलं असेल, तर मेल अजिबात पाठवू नका. ते सुतक त्यांनाही लागू शकतं आणि मग लग्नाचाच प्रश्न उभा राहतो. अशी बातमी घरातल्या मोठ्या माणसानं तिकडच्या मोठ्या माणसाला फोनवरच सांगायची. समीरच्या उदाहरणात नातं मावसभावाचं, कूळ वेगळं, म्हणून ही अडचण येत नाही.

विषय, मायना आणि कुणाला पाठवायची

आदित्यच्या मेललाच उत्तर द्या, म्हणजे त्याला शोधावं लागत नाही. पण पाठवण्याआधी वरची पत्त्यांची ओळ बघा. पुष्कळ जण पत्रिका साठ-सत्तर नातेवाइकांना एकत्र पाठवतात आणि सगळे पत्ते उघडे ठेवतात. ‘रिप्लाय ऑल’ दाबलं की तुमच्या आईचं ऑपरेशन रायपूरपासून ठाण्यापर्यंत सगळ्यांना कळतं, आणि तुमचा नकार पाहून आणखी दोघांना नकार द्यायचं बळ मिळतं. यजमानांना हे दुसरं जास्त लागतं. उत्तर फक्त आदित्यला, आणि काकाजींचा पत्ता असेल तर त्यांना.

विषयात ‘लग्नाला येता येणार नाही’ लिहू नका. मोबाइलवर तीच ओळ आधी दिसते. ‘स्नेहलच्या लग्नासाठी मनःपूर्वक शुभेच्छा’ असा विषय ठेवा.

मायना वयानुसार आणि नात्यानुसार. काकाजी आणि काकूंना ‘ती. स्व.’ आणि ‘साष्टांग नमस्कार’, आदित्यसारख्या धाकट्याला ‘प्रिय’. आपण त्यांना समोर जे म्हणतो तेच मेलमध्ये म्हणायचं. समोर ‘काकाजी’ आणि मेलमध्ये ‘आदरणीय महोदय’ असं झालं, की नातं तिथेच तुटल्यासारखं वाटतं. काय म्हणायचं ते आठवत नसेल तर बाबांना विचारा. हा प्रश्न विचारायला लाजू नका, चुकीचं नातं लिहिण्यापेक्षा ते बरं. पत्रिकेवरून मुलीचं नाव, तारीख आणि गाव पुन्हा एकदा पडताळून घ्या. नवरदेवाचं नाव चुकणं हा नकारापेक्षा मोठा अपराध समजला जातो.

प्रत्यक्ष मेल

क्रम असा ठेवावा: आनंद, मग स्पष्ट नकार, मग कारण, मग तुम्ही खरोखर करणार आहात अशी एखादी गोष्ट, आणि शेवटी आशीर्वाद-नमस्कार. नकार पहिल्याच वाक्यात आला तर पुढचं कुणी मनापासून वाचत नाही, आणि शेवटच्या ओळीत आला तर फसवल्यासारखं वाटतं.

> प्रिय आदित्य,
>
> तुझी मेल आणि पत्रिका मिळाली. पत्रिका सुंदर झाली आहे. खाली काकाजी-काकूंसाठी लिहिलं आहे, ते त्यांना दाखवशील.
>
> ती. स्व. काकाजी आणि सौ. काकू यांना साष्टांग नमस्कार,
>
> स्नेहलचं लग्न ठरल्याचं वाचून आम्हा सगळ्यांना खूप आनंद झाला. बाबांनी पत्रिका दोनदा वाचली, आणि लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत तुमच्याकडे नाशिकला राहायला यायचे ते दिवस आठवत बसले. तुम्ही आठवणीनं बोलावलंत, फार बरं वाटलं.
>
> लग्नाला मात्र या वेळी आमच्या घरून कुणालाच येता येणार नाही, याचं मनापासून वाईट वाटतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मागच्या आठवड्यात झालं. ती आता छान आहे, घरातल्या घरात चालतेही; पण अजून महिनाभर तिच्याजवळ कुणीतरी लागतं. बाबांना एकट्याला ते झेपत नाही, म्हणून मी आणि नेहा आळीपाळीनं सुट्या घेऊन घरी थांबतो आहोत.
>
> आईनं स्नेहलसाठी हौसेनं एक साडी घेतली आहे. ती येत्या आठवड्यात कुरियरनं पाठवतो. लग्नाच्या दिवशी तुमची धावपळ असेल, म्हणून बाबा आदल्या रविवारी संध्याकाळी तुम्हाला फोन करतील.
>
> स्नेहलला आईबाबांचे अनेक आशीर्वाद, आणि आम्हा दोघांकडून खूप शुभेच्छा. आजींना नमस्कार सांगा.
>
> तुमचा पुतण्या,
> समीर, शरदचा धाकटा
> त्रिमूर्तीनगर, नागपूर

या मेलमधल्या काही गोष्टी मुद्दाम तशा आहेत. बाबांच्या सुटीची आठवण घातली, कारण लांबच्या नात्यात ‘तुम्ही आम्हाला खरंच ओळखता का?’ हा प्रश्न मनात असतो आणि एका खऱ्या आठवणीनं तो मिटतो. अशी आठवण तुमच्याकडे नसेल तर घरातल्या मोठ्या माणसाकडून एखादी मागून घ्या; बनवू मात्र नका, काकाजींना सगळं आठवत असतं. ‘आमच्या घरून कुणालाच’ हे शब्द आहेत म्हणून यादीतून चारही नावं निर्धास्त काढता येतात. ‘वाईट वाटतं’ एकदाच आलं आहे. तीन वेळा माफी मागितली, की समोरच्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं. सहीत ‘शरदचा धाकटा’ आहे, कारण काकूंच्या ओळखीत समीर नावाची आणखी दोन पोरं असू शकतात.

साडीबद्दल थोडं. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापलेलं असेल, तर मेलमध्ये पैशांचा, पाकिटाचा उल्लेख करूच नका. येत नाही पण ५०१ रुपये पाठवतो, हे वाचताना हिशेब चुकता केल्यासारखं वाटतं. आईच्या हौसेची साडी किंवा संत्रा बर्फीचा डबा यांना कुणी आहेर म्हणत नाही. कुणी नातेवाईक लग्नाला जाणार असेल तर कुरियरपेक्षा त्याच्या हाती पाठवलेलं चांगलं. मांडवात ‘नागपूरहून समीरच्या आईनं दिलंय’ असं चार माणसांसमोर सांगितलं जातं. आणि लग्न नागपूरच्या जवळपासचं असेल, तर साडीच्याही आधी मुलीला गडगनेराला बोलवा. लग्नाआधी घरी बोलावून तिला जेवू घातलं, ओटी भरली, की मांडवातली गैरहजेरी फारशी लागत नाही. मेलमध्ये मग तारीखच लिहा: ‘पुढच्या रविवारी स्नेहलला गडगनेराला आमच्याकडे पाठवा.’ ‘कधीतरी नक्की भेटू’ हे लिहिण्यापेक्षा काहीच न लिहिलेलं बरं.

पाठवण्याआधी मेल एकदा मोठ्यानं वाचा, शक्यतो बाबांना ऐकवा. वाचताना जीभ अडखळली तर ते वाक्य ऑफिसचं आहे. तुम्ही काकाजींशी बोलताना ते कसं म्हणाल, तसं बदला. नकारानंतर ‘पण प्रयत्न करू’ अशी शेपटी चिकटली असेल तर ती काढून टाका. आणि कुठेही लग्नाच्या तारखेला, गावाला किंवा कार्यालयाला दोष गेला नाही ना, ते पाहा. ‘शुक्रवारी ठेवलंत म्हणून अडचण झाली’ असं वाक्य नकळत निघून जातं.

मेल गेल्यानंतर

दोन गोष्टी होऊ शकतात. आदित्यचं ‘काळजी घ्या, काकूंना नमस्कार’ असं उत्तर येईल; मग मेलवर आणखी काही लिहायची गरज नाही. पण कबूल केलेला फोन त्या रविवारी गेलाच पाहिजे आणि तो बाबांनी करायचा, समीरनं नव्हे. लग्नाच्या दिवशी घरच्या ग्रुपवर फोटो आले की आईनं एक ओळ टाकावी. पाहुण्यांच्या गर्दीत काकूंना ती दिसते.

किंवा काकाजींचा आग्रह येईल: ‘नर्स ठेवा दोन दिवस, पण तू तरी ये.’ आग्रह हा मानाचा भाग आहे, त्याला त्रास समजू नका आणि नवं कारणही शोधू नका. दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा छोटं असावं आणि कारण तेच राहावं:

> काकाजी, तुम्ही एवढ्या मायेनं पुन्हा बोलावलंत, हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना भरून आलं. पण आईजवळ सध्या घरचंच माणूस हवं, त्यामुळे या वेळी खरंच निघता येणार नाही. साडी आज पाठवली आहे, परवापर्यंत पोचेल. स्नेहलला आवडली का, ते काकूंना नक्की कळवायला सांगा.